मेलच्या विषयात भूकंप

लातुरात एका क्लासच्या ब्लॉगचं न्यूजलेटर मी लिहायचो आणि मेलची विषयओळ म्हणजे चौकातला फ्लेक्स समजायचो. एकदा ठोकून दिलं, ‘निकालाचा महाभूकंप!!! १००% हमखास यश!!!’ इनबॉक्समध्ये विषयाच्या शेजारी दिसणारी छोटी ओळ मी लिहिलीच नव्हती, म्हणून तिथे आपोआप आलं, ‘मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा’. बहुतेकांकडे ते स्पॅममध्ये गेलं. चाकूरच्या एका पालकांनी उघडलं आणि फोनवर झापलं, “सर, भूकंप बघितलाय आम्ही. असलं काय लिहून राहिलात?”

क्लासचे मालक म्हणाले, “पुढचंबी कुणी उघडलं न्हाई, तर न्यूजलेटर बंद.”

मग मी उद्गारचिन्हांना सक्तीची रजा दिली. विषय लिहिला, ‘रविवारच्या चाचणीत मुलं कुठं अडखळली?’ शेजारच्या ओळीत, ‘हृदयाच्या आकृतीतल्या तीन चुका आणि घरी करायची उजळणी’. आत नेमकं तेच होतं.

दुपारी चाकूरचा फोन आला. मी दचकतच उचलला.

“आता कामाचं बोललात, सर! पोरगी आकृती काढून राहिली.”

मालकांनी किती जणांनी मेल उघडलं ते पाहिलं आणि चहा मागवला. मी संगणकापुढे लवून मुजरा केला आणि हुश्श करत खुर्चीत पसरलो.