आभाळातले चार डाग

वहिनींना सगळा बाजार वहिनी म्हणायचा, कारण फोटो काढणारा त्यांचा धाकटा दीर त्यांच्या फोटोच्या दुकानभर त्याच नावाने हाका मारत फिरायचा. ऐन विशीत त्यांनी बारीक कुंचल्याने निगेटिव्हवरचे ओरखडे बुजवले होते. आता साठी आली, कुंचला जाऊन माउस आला, पण नजर तीच, घारीची.

त्या दिवशी दीर धापा टाकत आला. डोंगरावर पॅराग्लायडिंगची स्पर्धा झाली होती, संध्याकाळी बक्षीस समारंभात सगळे फोटो पडद्यावर दाखवायचे होते.

"वहिनी, घात झाला! सगळ्या आभाळाला डाग!"

"लेन्स पुसलीस?"

"पुसली, बदलली. तरी तिथेच!"

"म्हणजे लेन्सवर नाही, कॅमेऱ्याच्या आत, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर धूळ बसलीय. वाऱ्यात लेन्स बदललीस ना?"

दिराने जीभ चावली.

वहिनींनी संगणकावर दोन फोटो एकावर एक ठेवून पाहिले. चारही करडे ठिपके जिथल्या तिथे. लेन्सचं छिद्र बारीक ठेवलेल्या फोटोंत ठसठशीत, मोठं उघडलेल्यांत विरघळल्यासारखे. एका फोटोत त्यांनी शेजारचं स्वच्छ आभाळ घेऊन चारही डाग बुजवले आणि तीच दुरुस्ती बाकीच्या शेकडो फोटोंवर एका झटक्यात चिकटवली. भराभर आभाळं निर्मळ होत गेली!

"जादूच की!" दीर टाळ्याच पिटू लागला. "चला, पाठवू या!"

"थांब. डोळ्यांखालून घालू दे."

एकेक फोटो सरकू लागला. अचानक वहिनींचा हात थबकला. "अरे, हिची छत्री कुठे गेली?"

आभाळात नुसती दोन पावलं लोंबत होती! ती स्पर्धेत पहिल्यांदाच उडालेली शाळेतली शिक्षिका. तिचा उडतानाचा एवढा एकच फोटो होता. नेमकी तिच्या ग्लायडरची दूरवरची इवलीशी लाल छत्री तिसऱ्या डागाच्या जागी आली होती, आणि डागाहून ऐसपैस घेतलेल्या दुरुस्तीने डागासकट छत्री आणि बाई दोन्ही आभाळाखाली झाकली होती.

"मूळ फोटो गेला?" दीर पांढराफटक.

"छे! दुरुस्ती वरवरची असते, मूळ खाली शाबूत." त्यांनी त्या फोटोतली ती एकच दुरुस्ती काढली. छत्री झपकन परत आली, कडेवर करड्या डागासकट. आभाळात आलेला अर्धा डाग त्यांनी बारीक ब्रशने बुजवला, आणि लाल कापडावरची सावली हलकेच उजळली. दीर श्वास रोखून बघत होता. "दिसतेय! लाल दिसतेय!" तो ओरडला.

मग दोघांनी उरलेले फोटो पुन्हा पाहिले. आणखी एका ठिकाणी दुरुस्तीखाली कुणाच्या तरी छत्रीच्या दोऱ्या तुटलेल्या दिसत होत्या. त्याही जोडल्या.

संध्याकाळी पडद्यावर लाल छत्री उलगडली तेव्हा शिक्षिका खुर्चीवरून उठून शेजारी बसलेल्या आईला हलवत किंचाळली, "ती मी! आई, बघ, ती मी!"

मागच्या रांगेत वहिनी दिराच्या पाठीवर धपाटा घालून हसत होत्या. "उद्या सकाळी आधी कॅमेरा साफ करून आण हो!"