कोरं कपाळ

शुक्रवार पेठेतल्या फोटो स्टुडिओत चंद्रव्वा मावशी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहरे नीट करायच्या. चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला निंगव्वानं नथ, झुबे, बोरमाळ घालून फोटो काढला. मिरजेला दवाखान्यात पडलेल्या नवऱ्याला तो पाठवायचा होता. मावशी रजेवर, म्हणून मालक मडिवाळप्पांनीच पेन्सिल धरली. निगेटिव्हवर कुंकू फिकट ठिपक्यासारखं दिसतं. त्यांनी तो डाग समजून पेन्सिलीनं भरून टाकला; निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की फोटोत तेवढी जागा उजळ येते. छापलेल्या फोटोत कपाळ कोरं बघून निंगव्वा रडत बसली.

मावशी आल्या, फोटो बघितला आणि भडकल्या. "अण्णा, जित्या नवऱ्याच्या बाईचं कपाळ पुसलंत की तुमी."

"ब्रशनं फोटोवर टिकली रंगवतो की."

"खोटं कुंकू लावायचं न्हाय."

मावशींनी टर्पेंटाइनच्या बोळ्यानं निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. खालचं कुंकू शाबूत होतं.

"मग निगेटिव्हवरची नथ तरी ब्लेडनं खरवड. तिच्यापायी फोटोत ओठ काळा पडलाय."

"खरवडलेला मोती परत येत न्हाय, अण्णा. काळी हाय ती नथीची सावली."

मावशींनी तेवढ्या सावलीवरच पेन्सिल फिरवली. नवा फोटो निंगव्वाला दिला, जुना चुलीत घातला. मालकांशी मात्र त्या पुढचे आठ दिवस बोलल्या नाहीत.