भात गार हुता

“मावशी, थांबा जरा. ही कविता वाचून दाखवा. तुमच्याच लोकांची आहे. तुमच्या तोंडी शोभेल.”

मी हजेरीचं रजिस्टर द्यायला वर्गात गेले होते. मराठीच्या सरांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं. साठ पोरं-पोरी माझ्याकडं बघत होती. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात शिपाई. कंत्राटी. सर म्हणाले वाच, की वाचायचं. मी वाचलं.

आईनं तुमच्या लग्नाचा मांडव झाडला.
पंगत उठल्यावर
आमी बसलो.
भात गार हुता.

“आमी” म्हटल्यावर मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. “हुता” म्हटल्यावर अर्धा वर्ग हसला. माझ्या तोंडात तो शब्द तसाच येतो. पुस्तकात तसाच छापला होता.

सरांनी हात वर करून वर्ग गप्प केला. म्हणाले, “ऐकलंत? अस्सल. भाषा ओबडधोबड आहे, घडवलेली नाही. पण भुकेलेल्या माणसाची दया यावी, हाच कवीचा हेतू.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “छान. आता स्टाफरूममध्ये चहा सांगा.”

मी चहा सांगितला. कप विसळले. दिवसभर पाय चालत होते, डोकं त्या चार ओळींत अडकलं होतं. दया? मला वाचताना दया आली नव्हती. दुसरंच काहीतरी आलं होतं. काय, ते कळत नव्हतं.

शिपायाला लायब्ररीचं कार्ड नसतं. लायब्ररीतल्या मॅडमनी ते पुस्तक स्वतःच्या नावावर काढून दिलं. “निवांत वाचा,” म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर बसून मी रोज त्याच चार ओळी वाचायची. मी बारावी झालेली. कविता कशी वाचायची ते कुणी शिकवलं नव्हतं. पण वाट कशी बघायची ते ठाऊक होतं. जेऊरला लहानपणी आईबरोबर अशाच एका मांडवाबाहेर बसले होते. आत बुंदी वाढत होते. आई म्हणाली होती, “थांब की, उठतील आता.”

तेव्हा कळलं. “पंगत उठल्यावर” ही ओळ एकटीच का ठेवलीय. तिथं वाचणाऱ्यालाही थांबावं लागतं. ती माणसं किती वेळ थांबली ते कवीनं सांगितलंच नाही. भात गार हुता, एवढंच सांगितलं. तेवढा वेळ. अन्याय हा शब्द नाही. रडणं नाही. “तुमच्या लग्नाचा” म्हटलंय. कुणाच्या तरी नाही, तुमच्या. वाचणाऱ्याकडं बोट आहे. आणि “आमी बसलो”. आम्हाला बसवलं नाही, कुणी या म्हटलं नाही. आमी बसलो. मांडव झाडलाय, फुकट बसलो न्हाय. हात जोडलेत असा एकही शब्द नाही त्यात.

ओबडधोबड कुठं होतं? एक शब्द काढून बघितला. कविता पडली. “हुता”चं “होता” करून बघितलं. बोलणारी बाईच निघून गेली.

मला वर्गात आला होता तो राग होता. आधी नाव माहीत नव्हतं.

पुढं महिन्याभरानं कॉलेजात कार्यक्रम होता. पाहुणे आले होते. सर स्टेजच्या बाजूला आले. “मावशी, तीच कविता. वाचा आणि लगेच खाली या. विवेचन मी करीन.”

मी म्हणाले, “सर, वाचते की. पण अर्थबी मीच सांगणार.”

ते हसले. “अहो, त्याला अभ्यास लागतो.”

“केलाय.”

“वेळ नाही मावशी. नुसतं वाचा. पाहुण्यांना तो सूर ऐकवायचाय.”

“मग न्हाय वाचत.”

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा म्हणाले, “न्हाय. आवाज माझा आन् अर्थ तुमचा, असं न्हाय चालणार.” पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि निघाले. धाडस वगैरे काही वाटलं नाही. लई दमल्यासारखं वाटलं.

सरांनी ती कविता स्वतःच वाचली. दारातून ऐकलं. “भात गार होता,” म्हणाले. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मला तळमजल्यावरच्या जुन्या कागदांच्या खोलीत टाकलं. ते काम नव्हतं, शिक्षा होती. धुळीनं खोकला लागलाय. कंत्राट पुढं वाढवतील का, कुणी सांगत नाही. लायब्ररीतल्या मॅडमही आता जपून बोलतात. त्यांनाही नोकरी आहे.

दमलेय मी. खोटं कशाला बोलू. पण आमच्या कविता आता पुस्तकात आहेत, आणि त्या मोठ्यानं वाचायला आमचं तोंड लागतं लोकांना. पुन्हा कुणी वाच म्हणालं, तर आधी विचारीन, अर्थ कोण सांगणार? ‘तुम्हीच सांगा’ असं उत्तर आलं तर उभी राहीन. न्हाय तर त्यांना मिळेल ती माझी गप्प बसलेली जीभ. नोकरी गेली तरी.