अर्धा तास आणि चार काड्या

देवराज मोहल्ल्यातल्या एका अगरबत्तीच्या पेढीत मी परदेशी पत्रव्यवहार बघायचो. ‘इंग्रजी येतं’ एवढ्या एकाच अफवेवर मला ठेवून घेतलं होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं, बोलणं आम्हा म्हैसूरच्या मराठी माणसांसारखंच, निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड.

एका जुलैत सिडनीच्या बाईंची तक्रार आली. मोगऱ्याच्या काड्या अर्ध्यावर विझतात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कारण कळलं नाही, तर पुढचा माल दुसरीकडून घेणार. अण्णांचं सर्वांत जुनं परदेशी गिऱ्हाईक. सुगंधी तेल हॅम्बुर्गच्या एका गृहस्थांकडून यायचं, म्हणजे तिघांनी फोनवर एकत्र बोलणं भाग होतं.

सोमवारी मी ईमेल लिहिली. म्हैसूरची सभ्यता अशी की समोरच्याला वेळ सांगायची नाही, ‘नीवे हेळी’, तुम्हीच सांगा, म्हणायचं. मी लिहिलं, “आपल्या सोयीने कधीही, सर्व विषयांवर चर्चा करू.” हॅम्बुर्गहून उत्तर आलं, “कधी?” सिडनीहून आलं, “कोणते विषय?” मी दोघांनाही नम्रपणे कळवलं, की आपण म्हणाल तेव्हा आणि आपण म्हणाल ते. त्यात मंगळवार गेला.

“राव, लग्नपत्रिका लिहितोस काय सुम्ने, उगाच?” अण्णा म्हणाले. “पत्रिकेतसुद्धा मुहूर्त असतो रे.”

मग मी नीट बसलो. विषय तीन. एक, काडी अर्ध्यावर का विझते. दोन, बदल तेलात करायचा की वाळवण्यात, आणि कोणी. तीन, पुढचा माल घेणार की नाही, हो किंवा नाही. पाऊण तास पुरे.

“घरातली घाण अंगणात कशाला मांडतोस?” अण्णा कुरकुरले.

“त्यांना वास आलाय, अण्णा.”

मग वेळा. बुधवार दुपारी बारा, गुरुवार साडेअकरा, शुक्रवार साडेअकरा. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. बुधवारी बारा ते दीड राहूकाळ, बुधवार गेला. शुक्रवारी साडेदहा ते बारा. “बाराला ठेव. राहू उठून गेला की आपण बसू.”

उरलेल्या दोन वेळांसमोर मी तीन रकाने पाडले, म्हैसूर, हॅम्बुर्ग, सिडनी. बोटांवर मोजलं. हॅम्बुर्ग आपल्या साडेतीन तास मागे, वजा केले. सिडनी साडेचार तास पुढे. पण अर्धा तास तर एकदा वापरून झाला होता, पुन्हा कशाला, असं माझ्या गणिती डोक्याला वाटलं असावं. मी चारच मिळवले. शुक्रवार, म्हैसूर बारा, हॅम्बुर्ग सकाळी साडेआठ, सिडनी दुपारी चार. खाली लिहिलं, “यातली कोणती वेळ चालेल ते आजच कळवावे.” तासाभरात दोघांनी कळवलं. गुरुवारी हॅम्बुर्गकर प्रवासात, तेव्हा शुक्रवार पक्का. इतक्या झटपट उत्तरं आल्यावर माझी छाती अशी फुगली, की गणित तपासायला खाली वाकताच येईना.

शुक्रवारी बाराच्या ठोक्याला अण्णांनी देवाला हात जोडले आणि मी फोन लावला. बाई लाईनवर होत्याच.

“मी अर्ध्या तासापासून इथे आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही चार लिहिलंत. आता साडेचार झालेत.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहिलं. पत्रात आपापला रकानाच प्रत्येकजण वाचतो, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. तोंडातून ‘सॉरी’ कन्नडमध्ये बाहेर पडलं.

“वेळ वाया नको म्हणून तुमचा पहिला विषय मीच उरकला,” बाई म्हणाल्या. “तुमच्याच चार काड्या पेटवल्या. चारही एकाच जागी विझल्या. मधोमध.”

हॅम्बुर्गकर म्हणाले, त्याच तेलाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या काड्या पूर्ण जळतात. दोष आता आमच्याच दिशेने सरकत होता.

अण्णांनी घसा साफ केला. मला म्हणाले, “सांग. पाऊस होता. माळ्यावर पंख्याखाली वाळवल्या. काड्या एकमेकींना चिकटून होत्या, मधला भाग ओला राहिला असेल.” मी ते इंग्रजीत सांगितलं, फक्त ‘असेल’ गाळून.

“हे मला सोमवारीच हवं होतं,” बाई म्हणाल्या. “उन्हात वाळवलेला नवा माल पाठवा. तिसऱ्या विषयाचं उत्तर, हो.”

फोन ठेवला. नोकरी गेली असं धरून मी फडताळातला माझा जेवणाचा डबा उचलला.

अण्णा कॅलेंडरसमोर जाऊन साडेचार तास मागे मोजू लागले. “बाराला नाही, आपल्या साडेअकराला आल्या बाई. म्हणजे भर राहूकाळात पेटवल्या त्यांनी. विझणारच की.”

“पण अण्णा, काम झालं.”

“झालं खरं.” ते खुर्चीत बसले. “आता यापुढे असं कर. चौथा रकाना घाल. त्यांच्या गावचा राहूकाळ.”