शेवटची पाच सेकंदं

मी शाळेत मास्तर, गॅदरिंगची नाटुकली लिहितो, म्हणून परदेशातल्या बहिणीने व्हिडिओची स्क्रिप्ट माझ्यावर टाकली. तिथल्या मराठी मंडळाला तिकडचं मराठी घर दाखवणारा व्हिडिओ हवा होता. एकच मिनिट, आडवा नाही, उभा. तिने तिकडे चित्रीकरण करायचं, मी इथे राजोडीत, आमच्या समुद्रकाठच्या गावात बसून लिहायचं.

वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. पहिली तीन सेकंदं बोलणं नाही, तव्यावर बोंबलांची चरचर. मग धूर झाला की वाजणारा छतावरचा भोंगा वाजू नये म्हणून खिडकी उघडणारे भाऊजी. मग भाचीचा डबा. मोठ्याने वाचून घड्याळ लावलं. मिनिटात शंभराच्या वर शब्द गेले की बोलणं धावतं, म्हणून ‘गावची फार आठवण येते’ खोडलं. त्याऐवजी सुक्या बोंबलांची रिकामी पिशवी बहीण फेकण्याआधी हुंगते, एवढंच ठेवलं.

स्क्रिप्ट वाचून बहिणीचा फोन आला. “दादा, मस्त! शेवटची पाच सेकंदं आईची हं. फोनवर विचारते ना, जेवलीस का, तसंच. रेकॉर्ड करून पाठव.”



आईची वाचा तीन आठवड्यांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेली होती. मी बहिणीला सांगितलंच नव्हतं. ‘झोपलीय’, ‘नेटवर्क नाही’ असं करत दिवस ढकलत होतो. तिला कळलं की ती पहिला प्रश्न कोणता विचारणार, ते मला ठाऊक होतं.

बायको म्हणाली, “अहो, सांगून टाका.” मी तिच्यासमोर फोन धरला. “तूच बोल. आईसारखं, जरा खोल आवाजात.” ती पुण्याची. नको नको म्हणत बोलली, “जेवलीस का गं? पाणी पी.” मी मागे समुद्राची गाज घातली आणि पाठवलं.

तासाभरात फोन.

“दादा, ही वहिनी आहे.”

“छे, काहीतरीच.”

“आई ‘पाणी’ म्हणते? जन्मात म्हणालीय? पानी म्हणते ती. तू शाळेत मार्क कापतोस ना मुलांचे त्याबद्दल, म्हणून तुला ‘पाणी’ खटकलं नाही. आई कुठंय?”

सांगितलं. ती रडली नाही. तोच प्रश्न विचारला. “दवाखान्यात कधी नेलंस?”

“संध्याकाळी.”

“आणि तोंड वाकडं कधी झालं?”

“सकाळी. चहा ओघळत होता. मला वाटलं, वारं लागलं असेल. पड जरा म्हटलं आणि शाळेत गेलो. परीक्षा होती.”

 

“व्हिडिओ चालू कर,” ती म्हणाली. “तुझं तोंड नको. आईला दाखव.”

मी आत गेलो. फोन आईसमोर धरला. आईने पडद्याकडे पाहिलं, ओठ एका बाजूने हलवले. “प... प...”

“हो गं आये,” बहीण म्हणाली, “पिते पानी.”

माझ्याशी ती त्या दिवशी पुढे बोलली नाही.