अर्धवट राहिलेले स्क्रीनशॉट

कपडे धुऊन-इस्त्री करून देणाऱ्या त्या दुकानात मागच्या बाजूला वाफेची इस्त्री चालवणारा माणूस सगळ्यांचा काकाच होता. हाताला सफाई अशी की त्याने इस्त्री केलेली कॉलर आठवडाभर मान खाली घालायची नाही. फक्त उजव्या हाताची दोन बोटं जुन्या भाजण्याने ताठ झाली होती. बटण लावणं, नाणं उचलणं, सगळी कामं तो तळहाताने आणि अंगठ्याने निभावून न्यायचा.

काकाला एकच मुलगी. तिने एका घटस्फोटित माणसाशी लग्न केलं आणि तिची आई तिच्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं तिचं नाव घरात बंद. लेक मग बापालाच लिहायची. दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की काकाचा फोन किणकिणायचा. लांबलचक मजकूर असायचा. नवी खोली, वरच्या मजल्यावरचा भांडखोर म्हातारा, करपलेला भात, ऑफिसातली साहेबीण. आणि दर वेळी कुठेतरी मध्येच, जणू सहज, आईची चौकशी.

अडचण एवढीच की तिने फोनवर असं करून ठेवलं होतं की मजकूर आठवड्याने आपोआप पुसला जायचा. "पसारा नको वाटतो बाबा," म्हणायची. काकाला वाटे, हे सगळं बायकोने एकदा तरी वाचावं.

"मग स्क्रीनशॉट काढा ना काका," काउंटरवर बसणारी बाई म्हणाली.

"दोन बटणं एकदम दाबावी लागतात. माझ्या बोटांना जमत नाही."

"बटणं कशाला? हाताची कड टेकवा, करंगळीकडची, आणि पडद्यावरून अशी आडवी ओढा. टेबल पुसल्यासारखी. पण टायपायचा कीबोर्ड उघडा नको, नाहीतर होणार नाही."

तिने सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करून दिलं. काकाने हात फिरवला, पडदा लखलखला आणि चित्र निघालं. आयुष्यात पहिल्यांदा त्या हाताला कुणीतरी सोयीचं काही दिलं होतं.

"आता खाली पट्टी आली बघा. त्यात खाली जाणारे बाण आहेत, ते दाबत राहा. मजकूर सरकत जातो आणि सगळ्याचं एकच लांब चित्र होतं. फक्त वर जाता येत नाही, म्हणून आधी मजकुराच्या सुरुवातीला जायचं. आणि पट्टी चार क्षणांत निघून जाते, रेंगाळू नका."

काका रेंगाळायचा. पट्टी निघून जायची, हातात नुसतं एका पडद्यापुरतं तुटकं चित्र यायचं. मग पुन्हा वर जायचं, पुन्हा हात फिरवायचा.

घरी गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दाराशी बसून आठवड्याभराचे मजकूर एकेक करून काढायचा आणि त्याच पट्टीवरून बायकोच्या फोनला पाठवायचा. चॅटमध्ये नाही. "माझ्या चॅटमध्ये तिचं काही नको," असं तिने बजावलं होतं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, जवळच्या फोनवर थेट. आतून ती "घ्या" दाबायची. चित्र पोहोचल्याचं दिसलं की काका समाधानाने पाय पसरायचा. बोलत नसली तरी वाचतेय, एवढं त्याला पुरे होतं.

मध्यंतरी काकाचा फोन भरला. कपडा आत घेताना डाग, फाटकं, तुटलेली बटणं यांचे फोटो काकाच्याच फोनवर काढून ठेवायची दुकानाची रीत होती, नाहीतर गिऱ्हाईक अंगावर यायचं. एक दिवस कोटाच्या बाहीवरचा डाग टिपताना फोनने जागा नसल्याचं सांगितलं.

"गॅलरी बघा, नुसते लांबलचक स्क्रीनशॉट," काउंटरवाली म्हणाली. "हे सगळे काकूंकडे आहेत ना?"

"आहेत. सगळे तिच्याकडे."

"मग हे काढते. आणि एक सोय चालू करते. पट्टीवरून पाठवलेला स्क्रीनशॉट पाठवल्यावर इथून आपोआप जाईल."

काकाने मान डोलावली. तो आता मजकूर नीट वाचायचाही नाही. इस्त्री तापलेली असायची, नुसती नजर फिरवायची; चित्र रात्री घरी निघायचंच. बायकोकडे आहेच की, कधीही वाचता येईल.

लेकीला ताप आला आणि तो डोक्यात गेला. दोघं नवरा-बायको पोचली तेव्हा जावई दवाखान्याच्या जिन्यात बसला होता. तो उठला नाही, त्यावरूनच काकाला कळलं.

सगळं आटोपून परत आल्यावर काकाने तिचं नाव उघडलं. पान कोरं होतं. शेवटचा मजकूरही पुसला गेला होता. तरी तो मनाला समजावत राहिला, बायकोकडे आहे. तिला जरा सावरू दे, मग मागू.

दीड महिना गेला. एका दुपारी बायको त्याच्यासमोर येऊन बसली.

"अहो, तिचं ते सगळं तुमच्या फोनमध्ये आहे ना? मला वाचायचंय."

"माझ्याकडे? तुला पाठवलंय ना सगळं."

तिने आपला फोन त्याच्यापुढे सरकवला; त्यात लेकीचं एकही चित्र नव्हतं.

"तू घेत होतीस. मला दिसायचं."

"घेत होते," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. घ्यायचे आणि तसंच पुसायचे. एकही उघडलं नाही. म्हटलं, राग उतरला की तुमच्याकडचं वाचेन."

काकाचा हात मांडीवर तसाच राहिला. "माझ्याकडचं पाठवलं की आपोआप जायचं," तो एवढंच म्हणाला. तिच्यावर ओरडावं एवढाही जोर उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघंही दुकानात आली. काउंटरवालीने दोन्ही फोन तपासले. पुसलेलं एक महिनाभर फोनमधल्या कचऱ्याच्या डब्यात राहतं, तोही कधीच रिकामा झाला होता. ती म्हणाली, "मीच ती सोय चालू केली काका."

"तू चांगल्यासाठीच केलंस गं."

"थांबा. न पाठवलेले जात नाहीत." तिने स्क्रीनशॉटचा कप्पा उघडला. पट्टी निसटल्यामुळे अर्धवट राहिलेले, काकाने कधीच न पाठवलेले काही तुकडे तिथे होते. काकू कपड्यांच्या गठ्ठ्यावरच बसली आणि वाचू लागली. एका तुकड्यात नुसता वरचा म्हातारा होता. दुसऱ्यात साहेबीण. तिसऱ्याच्या शेवटी होतं, "आईला विचारा, मी लहान असताना ती जे" आणि पडदा तिथेच संपला होता.

"जे काय?" तिने विचारलं. "पुढे काय होतं?"

काकाने डोळे मिटले. "अंगाईबद्दल असावं. म्हणाली होती, आई गायची ती..."

"मी कधी अंगाई गायलेच नाही. बनवून सांगताय तुम्ही."

"हो," तो म्हणाला. "मला आठवत नाही. मी धड वाचलंच नव्हतं."

तिने पदर डोळ्यांना लावला नाही, हुंदकाही दिला नाही. फोन परत दिला आणि एकटीच चालत घरी गेली.

त्यानंतर घरात लेकीचं नाव पुन्हा निघू लागलं. रोज जेवताना ती विचारते, "आज काही आठवलं?" बहुतेक दिवशी तो मान हलवतो. आता तो खोटं सांगत नाही, आणि तिलाही ते माहीत आहे.

परवा एका शर्टाची बाही पसरताना त्याला एकदम काही आठवलं. इस्त्री बाजूला ठेवून त्याने घरी फोन लावला.

"अगं, एकदा तिने विचारलं होतं, जिना चढताना आईचा गुडघा अजून दुखतो का. हे नक्की होतं."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"लिहिलं, तूच विचार तिला."

"आणि ती?"

"ती म्हणाली, विचारेन."