बादलीखालची वाळू

राहुरीजवळच्या पॉलिटेक्निकमध्ये आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल मोडत होतो. दोन बाकांवर पूल आडवा ठेवायचा, मधोमध सुतळीने बादली टांगायची आणि पूल मोडेपर्यंत तिच्यात वाळू ओतायची. मग बादली वाळूसकट तोलायची आणि त्या वजनाला पुलाच्या वजनाने भागायचं. आमचा पूल सगळ्यांत पुढे होता. शेवटी पारनेरच्या मुलींचा आला, उभ्या काड्या नसलेला, नुसत्या तिरक्या काड्यांचा. बादली काठोकाठ भरली तरी तो हूं की चूं करेना.

मला संशय आला. आत तार घातली असणार! मी लोहचुंबक फिरवलं, काहीच चिकटलं नाही. "मग डिंकात काहीतरी कालवलंय," मी म्हणालो.

"उगं जळू नको," त्यांच्यातली एक म्हणाली. "हारायची भीती वाटतीय, ते सांग ना."

मी चिडून खाली वाकलो. सकाळपासून सांडलेल्या वाळूचा ढीग साचला होता, आणि सुतळी ताणली जाऊन बादली त्यावर चक्क टेकली होती.

"सर, बादली टांगलेली नाहीच!"

सरांनी झाडूने ढीग ओढून काढला. बादली लोंबकळली आणि पूल काडकन मोडला. मी टाळी वाजवली.

सर माझ्याकडे वळले. "तुमच्या वेळी झाडलं होतं का?"

कुणीच झाडलं नव्हतं. आमचाही पूल शेवटी शेवटी वाकायचा थांबला होता, ढीग घसरल्यावरच मोडला असणार, आणि मी त्या टिकण्याचं श्रेय आमच्या डिझाइनला दिलं होतं. आता पुन्हा तपासायचं म्हटलं, तर त्याचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात होते.